‘शंभर टक्के नैसर्गिक’ डबी आणि उडालेली भूक

*सर, माझं वय 46, उंची पाच फूट एक इंच. वजन 81 होतं. आठ वर्षं बीपीची गोळी चालू आहे. धाकट्या दिरांचं लग्न आलंय म्हणून भिशीतल्या एका मैत्रिणीकडून फॅट बर्नरच्या कॅप्सूल घेतल्या. रोज दोन, साठची डबी 2,800 रुपयांना. तीन आठवड्यांत पाच किलो उतरलं. दुसऱ्या दिवसापासून भूकच लागेना, दिवसभरात एखादी भाकरी जाते. पण तोंडाला कोरड पडते, रात्री दोनपर्यंत झोप नाही, जिना चढताना छातीत धडधडतं. परवा बीपी 152/98 आणि नाडी 104 निघाली. मैत्रीण म्हणते, शरीरातली घाण बाहेर पडतेय, आपोआप थांबेल. तिनं लॅबचा रिपोर्टही पाठवलाय. डबीवर बारा वनस्पतींची नावं आणि एफएसएसएआयचा नंबर आहे. माझं बघून नणंदेनंही परवापासून सुरू केल्या, तिला डिप्रेशनची गोळी चालू आहे. दोन डब्या शिल्लक आहेत. लग्नापर्यंत तरी घेऊ का?*
*– स. पा., सांगली*

ताई, पुढचं वाचण्याआधी नणंदेला फोन करा. कॅप्सूल आजपासून बंद, पण डिप्रेशनची गोळी मात्र बंद करायची नाही, एवढं तिला सांगा. अंगाला कंप सुटणं, दरदरून घाम, जुलाब, हातापायांना झटके, ताप किंवा विलक्षण बेचैनी असं काही वाटत असेल तर तिनं आज रात्रीच दवाखाना गाठायचा आणि डबी सोबत न्यायची. कारण पुढे सांगतो. तुमच्याही कॅप्सूल आजपासून बंद. त्या हळूहळू कमी करण्याची गरज नाही. बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या.

आता सावकाश बोलू. मी तीस वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकवलं, त्यामुळे तुमच्या पत्रात मला पाच किलोंपेक्षा दुसरंच वाक्य जास्त टोचलं: ‘दुसऱ्या दिवसापासून भूकच लागेना.’ त्रिफळा, मेथी, दालचिनी, गुग्गुळ, ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया. डबीवर असतात त्या या नेहमीच्या वनस्पती. यातल्या कशानंही चोवीस तासांत माणसाची भूक मरत नाही. गार्सिनियाचंच बघा. आपल्या कोकणातल्या रातांब्याचं हे केरळकडचं भावंड, तिकडे माशाच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. त्यातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल चरबी बनू देत नाही, अशी जाहिरात गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. 1998 साली अमेरिकेत 135 जाड माणसांवर त्याची नीट चाचणी झाली. निम्म्यांना बारा आठवडे रोज दीड ग्रॅम आम्ल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, दोन्ही गटांना आहार सारखाच. वजन दोन्हीकडे उतरलं, पण फरक म्हणावा असा नव्हता. उलट पोकळ गोळीवाल्यांचंच सरासरीनं थोडं जास्त उतरलं होतं. जाहिरातीला त्याचं काही वाटलं नाही, ती चालूच आहे.

मग तुमची भूक कुणी मारली? तोंडाला कोरड, झोप उडणं, नाडी जलद, बीपी वर आणि भूक गायब, ही पाच लक्षणं एकत्र दिसली की औषधशास्त्राच्या माणसाच्या डोक्यात एक नाव येतं: सिब्युट्रामीन. तुमच्या डबीत तेच आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे म्हणणार नाही. भरपूर कॅफिन किंवा त्याच जातीचं दुसरं एखादं उत्तेजकही असू शकतं. पण संशय घेण्याला आधार आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2007 ते 2016 या काळात पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या उत्पादनांत लपवलेली औषधं पकडली, त्यांची यादी संशोधकांनी तपासली. एकूण 776 उत्पादनं होती, त्यातली 317 वजन कमी करणारी. आणि त्या 317 पैकी दर शंभरात 85 मध्ये सिब्युट्रामीन सापडलं. ही अर्थात पकडलेल्या मालाची यादी आहे, त्यामुळे बाजारातली प्रत्येक डबी अशी असते असा अर्थ काढू नका. पण भेसळ करणाऱ्याच्या हातात काय असतं, ते त्यावरून कळतं.

सिब्युट्रामीन हे एके काळी रीतसर औषध होतं. मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनलिन या दोन रसायनांना ते जास्त वेळ रेंगाळायला लावतं. पोट लवकर भरल्यासारखं वाटतं आणि भूक मंदावते. पण नॉरएड्रेनलिनचा परिणाम मेंदूपुरता थांबत नाही, तो हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवरही होतो. अमेरिकेत 1997 मध्ये परवानगी मिळाली तेव्हाच डॉक्टरांना सूचना होती की बीपी-नाडी मोजत राहा आणि बीपी आटोक्यात नसेल तर हे औषध देऊच नका. मग हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार पन्नाशीपुढच्या माणसांवर काही वर्षांची मोठी चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना 11.4 टक्के लोकांत झाल्या, पोकळ गोळीवाल्यांत 10 टक्के. दर हजारात चौदा जास्त. फरक ऐकायला लहान वाटतो. पण ज्या औषधानं वर्षभरात पोकळ गोळीपेक्षा जेमतेम चार-पाच किलो जास्त उतरतात, त्यासाठी ही किंमत कुणाला परवडेना. 2010 मध्ये युरोपनं आणि अमेरिकेनं ते बाजारातून काढलं आणि त्याच सुमारास आपल्याकडेही बंदी आली.

औषध गेलं, पण त्याची पांढरी पूड बनवण्याचं ज्ञान कुठे जाणार? त्याचा अधिकृत डोस दिवसाला 10 ते 15 मिलिग्रॅम. तुमची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची धरली आणि तिच्यात 12 मिलिग्रॅम पूड मिसळली, तर उरलेलं सगळं वनस्पतींचं चूर्णच असणार. रंग तोच, वास तोच, जिभेवर मेथी आणि दालचिनीच लागणार. साठ कॅप्सूलच्या आख्ख्या डबीला पाऊण ग्रॅमही पुरत नाही. मिसळणारा बहुधा कुठल्या तरी शेडमध्ये मोठ्या भांड्यात चूर्ण ढवळतो. त्यामुळे एका कॅप्सूलमध्ये काहीच नाही आणि दुसरीत दुप्पट, असंही होतं. तुम्ही रोज दोन घेता. एखाद्या दिवशी दोन्ही तसल्या निघाल्या तर त्या दिवशीची धडधड जास्त.

नणंदेची काळजी इथेच आहे. डिप्रेशनच्या पुष्कळ गोळ्याही सेरोटोनिनच वाढवतात. दोन्हीकडून भर पडली की सेरोटोनिनचा अतिरेक होतो. कंप, घाम, झटके ही त्याचीच लक्षणं, आणि ती काही तासांत चढू शकतात. म्हणून फोन आधी करायला सांगितला. तिच्या डॉक्टरांनाही उद्याच कळवायचं.

रिपोर्टबद्दल. तुम्ही त्याची प्रत पाठवलेली नाही, पण असे रिपोर्ट मी पोत्यानं पाहिले आहेत. शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम किती. एकूण जिवाणू किती, ई. कोलाय आणि साल्मोनेला आहेत का, कीटकनाशकांचा अंश, ओलावा आणि राख. सगळ्यापुढे ‘मर्यादेत’. हा रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. माझ्या मते तो बहुधा खराच असतो, आणि हीच त्यातली खुबी आहे. लॅबला जे शोधायला सांगितलं तेवढंच ती शोधते. सिब्युट्रामीन शोधायचं तर द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर, शक्यतो मास स्पेक्ट्रोमीटर जोडून, त्याचं नाव घेऊन तपासावं लागतं. त्याचे रेणू किंचित बदललेले भाऊबंदही बाजारात आहेत आणि फक्त मूळ नावानं शोधलं तर ते निसटतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना ग्राहकाने दिलेला’ अशा अर्थाची ओळ आहे का बघा. म्हणजे कंपनीनं स्वतःला हवी ती कॅप्सूल पाठवली. बॅच नंबरही तुमच्या डबीच्या तळाशी जुळवून पाहा. जुळणार नाही, अशी माझी पैज.

एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर हा खाद्यव्यवसायाचा परवाना असतो. मिठाईच्या दुकानालाही तो असतो. आतल्या मालानं वजन उतरतं की हृदय बिघडतं, याची परीक्षा त्या नंबरामागे नाही. डबीवर ‘एफडीए अप्रूव्हड’ लिहिलं असेल तर त्याची वेगळीच गंमत. आपल्याकडे एफडीए म्हटलं की महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांपुढे येतं, आणि छापणाऱ्याला वाटत असतं की तुम्ही अमेरिकेचं समजाल. अमेरिकेचं एफडीए पूरक आहाराला विक्रीपूर्व मंजुरी देतच नाही. तिथल्या 1994 च्या कायद्यानुसार असा माल आधी बाजारात येतो आणि त्यात काही घातक आहे हे सरकारला नंतर सिद्ध करावं लागतं.

आपल्या कायद्यात मात्र या डबीची एक चांगली कोंडी होते. ती आरोग्यपूरक आहार म्हणून विकली जात असेल, तर तिच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं आणि रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जात असेल, तर 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. म्हणजे ‘लठ्ठपणा घालवते’ अशी तिची जाहिरातच करता येत नाही. अन्न म्हणा नाहीतर औषध म्हणा, भिशीच्या ग्रुपवरचे ते ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दोन्हीकडून अडकतात. म्हणून तर हा धंदा दुकानातून होत नाही, मैत्रिणीमैत्रिणींतून होतो. दुकानदाराकडे बिल मागता येतं, भिशीत कोण मागणार?

आणि मैत्रिणीच्या त्या वाक्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. ‘घाण बाहेर पडतेय’ हे या विक्रीतलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. साध्या गोळीनं धडधड झाली तर माणूस गोळी थांबवतो. इथे धडधड हाच गुण लागल्याचा पुरावा ठरवला, म्हणून तुम्ही तीन आठवडे घेत राहिलात. शरीरातला कचरा यकृत आणि मूत्रपिंडं काढतात आणि तो काढताना नाडी 104 होत नाही. मैत्रिणीला हे वाक्य वरून शिकवलेलं असणार, तिचा त्यावर विश्वासही असेल. तिच्यावर रागावू नका, पण तिची औषधशास्त्राची शिकवणीही लावू नका.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हाही समज सोडा. 2013 मध्ये हवाईत यकृताच्या तीव्र आजाराचे एकामागून एक रुग्ण आले. त्यांच्यातला समान धागा निघाला वजन उतरवणारं एक पूरक उत्पादन. त्या उत्पादनाच्या नव्या कृतीत एजेलिन नावाचा पदार्थ होता, जो मुळात बेलाच्या पानात सापडतो. काही रुग्णांना नवं यकृत बसवावं लागलं. महादेवाला वाहतो त्या पानाला मी नावं ठेवत नाही. पण पान वेगळं आणि त्यातला एकच घटक कारखान्यात बनवून मोठ्या मात्रेत कॅप्सूलमध्ये भरणं वेगळं. ग्रीन टीचंही तसंच. चहाचा कप निरुपद्रवी, पण त्याचा दाट अर्क रोज 800 मिलिग्रॅमच्या वर कॅटेचिन देऊ लागला की काहींच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये म्हटलं. तुमच्या डबीत बारा वनस्पती आहेत म्हणता. प्रत्येकीची मात्रा लिहिली आहे का? ‘मालकीचं मिश्रण’ म्हणून एकच आकडा असेल तर कुठल्या वनस्पतीची मात्रा किती, हे तुमच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

आता ते पाच किलो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. पाच किलो चरबी एकवीस दिवसांत जळायची तर रोज 1,800 च्या वर कॅलरींची तूट हवी. तुमच्या बांध्याच्या बाईचा दिवसभराचा सगळा खर्चच साधारण तेवढा असतो, म्हणजे एक घासही न खाता राहावं लागलं असतं. तुम्ही एखादी भाकरी आणि थोडं कालवण खात होतात, म्हणजे तूट हजाराच्या आसपास. एकवीस हजाराला 7,700 नं भागा: पावणेतीन किलो. उरलेलं बव्हंशी पाणी. खाणं कमी झालं की यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर वापरली जाते, आणि ती आपल्यासोबत तिच्या तिप्पट-चौपट पाणी घेऊन जाते. मीठही पोटात कमी गेलं. हे सांगतो ते एवढ्यासाठी की कॅप्सूल बंद केल्यावर आठवडाभरात काटा दीड-दोन किलो वर जाईल आणि भूक परतेल. ते पाणी आहे. तेव्हा घाबरून डबी पुन्हा उघडायची नाही. मैत्रीण तेव्हाच म्हणेल, ‘बघ, सोडलीस म्हणून वाढलं.’

या आठवड्यात काय करायचं ते ऐका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे डबीसकट जा आणि लाजून लपवू नका. ते ईसीजी काढतील, रक्तात यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, पोटॅशियम आणि थायरॉइड बघतील. पोटॅशियम अशासाठी की काही डब्यांत लघवी वाढवणारं औषध आणि जुलाबाचं औषधही निघालेलं आहे, आणि थायरॉइड अशासाठी की नाडी वाढण्याचं कारण कॅप्सूल नसून थायरॉइडही असू शकतं. बीपी वाढलेली दिसली म्हणून बीपीच्या गोळीचा डोस स्वतःच वाढवू नका. कॅप्सूल वर ढकलत होती, ती गेली की तोच डोस पुरेल अशी शक्यता बरीच आहे. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडलात, हात-पाय एका बाजूनं लुळे वाटले किंवा डोळे पिवळे दिसले, तर या आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच वेळी निघायचं.

घरी एक वही घ्या. आजपासून आठ दिवस सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं बसून बीपी आणि नाडी मोजा आणि लिहा. कॅफिन असेल तर एक-दोन दिवसांत उतार दिसेल. सिब्युट्रामीन असेल तर त्याचा असर शरीरातून जायला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी नाडी खाली येईल, झोप परत येईल आणि पोटात भूक कुरकुरेल. तसं झालं तर लॅबच्या रिपोर्टपेक्षा ती वही मोठा पुरावा आहे. आठव्या दिवशीही नाडी शंभराच्या वर असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल, हे डॉक्टरांना त्याच वहीवरून कळेल.

शिल्लक डब्या मैत्रिणीला परत देऊ नका, पैसे परत मिळत असले तरी. त्याच पुरावा आहेत. बॅच नंबरचा फोटो, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचे दावे जपून ठेवा. औषधाचा दुष्परिणाम नोंदवण्याचा सरकारी टोल-फ्री नंबर 1800-180-3024 आहे. रुग्ण स्वतःही तिथे सांगू शकतो, डॉक्टरांनी फॉर्म भरला तर उत्तम. अन्न म्हणून विकलेला माल ग्राहकाला स्वतःही सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, पण कायद्याप्रमाणे विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. तुम्ही तर आधीच घेतलाय. म्हणून सरळ सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यानं स्वतः घेतलेल्या नमुन्याला वजन असतं. तक्रारीत ‘सिब्युट्रामीन आणि तत्सम औषधांसाठी तपासणी व्हावी’ हे शब्द घाला, नाहीतर पुन्हा शिसं आणि जिवाणूच मोजले जातील.

वजनाचं पुढे काय, हा प्रश्न मी टाळत नाही. 81 किलो आणि बीपी यावर डॉक्टरांशी बोलण्यासारखं बरंच आहे. वजनाची मान्यताप्राप्त औषधंही आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात मळमळीपासून पित्ताशयाच्या त्रासापर्यंत लांबलचक यादी छापलेली असते, कारण कुणीतरी हजारो माणसांवर ते मोजलेलं असतं. ज्या डबीवर ‘काहीही दुष्परिणाम नाहीत’ लिहिलंय, तिचे दुष्परिणाम कुणी मोजलेलेच नसतात. पण हे बोलणं नाडी खाली आल्यावर. लग्नाला शहात्तर किलोंची दिसलात की अठ्ठ्याहत्तर, हे फोटोत कुणाला कळणार नाही. ब्लाउज मात्र पाणी परत आल्यानंतरच्या मापानं शिवायला टाका.

नणंदेचा फोन लागला का?